गुऱ्हाळाला सभासद का नसतात?

कोल्हापूरच्या बाजूला एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहिलं की उसाला दोन वाटा दिसतात. एक वाट गुऱ्हाळाकडे जाते. शेतकरी ऊस तोडून आणतो, गुऱ्हाळवाल्याला आदणाप्रमाणे पैसे देतो, गुळव्या काहिलीत रस आटवतो आणि तयार झालेला गूळ शेतकऱ्याचाच राहतो. तो मार्केट यार्डात अडत्याकडे जातो, सौदा निघतो, भाव मिळतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या गुऱ्हाळात जायचं असेल तर कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी वाट साखर कारखान्याकडे जाते, आणि तिथे सगळंच वेगळं आहे. शेतकरी कारखान्याचा सभासद असतो, त्याच्याकडे शेअर असतो, तो संचालक मंडळासाठी मत देतो. लागण केली की उसाची नोंद करावी लागते. ऊस केव्हा तोडायचा हे तो ठरवत नाही, कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. तोडणारी टोळीही कारखान्यामार्फतच येते.

पीक तेच, शेतकरी तोच, गोडवाही तोच. मग एका वाटेवर नुसती खरेदी-विक्री पुरते आणि दुसऱ्या वाटेवर सभासदत्व, नोंदी, हुकूम आणि निवडणुका असलेली एवढी मोठी संस्था का उभी करावी लागते? गुऱ्हाळाला सभासद का नसतात?

लंडनच्या एका विद्यार्थ्याला पडलेला प्रश्न

हाच प्रश्न अधिक व्यापक रूपात रोनाल्ड कोस या इंग्रज तरुणाला पडला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तो शिकला ते असं की बाजारातल्या किमतीच सगळ्या व्यवहारांचा मेळ घालतात. टंचाई झाली की भाव चढतो, भाव चढला की माल येतो, वरून कुणी हुकूम द्यावा लागत नाही. पण आजूबाजूला पाहिलं तर माणसं दिवसातले आठ-दहा तास कारखान्यांत आणि कचेऱ्यांत घालवत होती आणि तिथे हुकूमच चालत होता. एका खात्यातला कामगार दुसऱ्या खात्यात जातो तो तिकडे भाव चढला म्हणून नाही, तर साहेबांनी सांगितलं म्हणून. त्याच काळात रशियात सगळा देश एकाच कारखान्यासारखा चालवायचा प्रयोग सुरू होता आणि काही पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ तो अशक्य म्हणत होते. मग त्यांच्याच देशांतले अवाढव्य कारखाने आतून हुकमावर कसे चालत होते?

१९३१-३२ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन कोसने तिथले कारखाने पाहिले आणि तिथल्या लोकांना विचारलं की कोणती वस्तू तुम्ही स्वतः बनवता, कोणती बाहेरून घेता आणि ते कशावरून ठरवता. त्यातून सापडलेलं उत्तर १९३७ मध्ये एका छोट्या निबंधात छापून आलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे कित्येक दशकांनी त्याचं मोल कळलं आणि १९९१ मध्ये कोसना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

उत्तर साधं होतं: बाजार फुकट वापरता येत नाही.

भावाच्या पलीकडचा खर्च

घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं उदाहरण घ्या. समजा, त्यांच्याशी महिन्याचा पगार ठरवलाच नाही आणि रोज सकाळी नव्याने बोलणी केली. आज पोळ्या किती, भाजी चिरलेली की अख्खी, पाहुणे आले तर जादा किती, आणि हे सगळं इतरांपेक्षा स्वस्त की महाग? पोळीचा बाजारभाव कितीही रास्त असला तरी रोजच्या या घासाघिशीत दोघींची सकाळ जाईल. म्हणून एकदाच ठरतं: महिन्याला इतके पैसे, आणि त्या मर्यादेत रोज काय करायचं ते घरातली बाई सांगेल. तपशील आधी लिहायची गरज उरत नाही. नोकरी म्हणजे बऱ्याच अंशी हेच. मोकळी ठेवलेली जागा सांगणाऱ्याने रोज भरायची, असा तो करार असतो.

अशा व्यवहारांमागच्या खर्चाला व्यवहारखर्च म्हणतात.

> चौकट: व्यवहारखर्च कशाकशाचा?
> वस्तूची किंमत वेगळी आणि ती वस्तू बाजारातून मिळवण्याचा खर्च वेगळा. त्यात शोधाचा खर्च येतो: योग्य माणूस कोण, माल कुठे, भाव काय. मग ठरवण्याचा: घासाघीस, अटी, कागदपत्रं. आणि शेवटी निभावण्याचा: माल मोजणं, दर्जा तपासणं, शब्द फिरवणाऱ्याला धरणं. यातला तिसरा खर्च बहुधा सर्वांत जड असतो आणि पावतीवर तो कधीच दिसत नाही.

कोसचं म्हणणं असं की हा खर्च जिथे कमी, तिथे माणसं बाजारातच व्यवहार करतात. जिथे तो आतल्या आत हुकमाने काम करवून घेण्याच्या खर्चाहून जास्त होतो, तिथे उद्योगसंस्था जन्माला येते.

आता गुऱ्हाळ पुन्हा पाहू. गुऱ्हाळं एकेकाळी गावोगाव होती. आज संख्या घटली असली तरी एका गुऱ्हाळवाल्याने नडवलं तर दुसरीकडे जाता येतं, म्हणजे शोधाचा खर्च नाममात्र. गूळ डोळ्यांनी पाहून, बोटाने दाबून, चाखून पारखता येतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाला त्याच्या रंगा-कणीप्रमाणे वेगळा भाव मिळतो, म्हणजे मोजण्याचाही खर्च थोडा. इथे बाजार छान चालतो आणि सभासद करून घेण्याची गरजच पडत नाही.

तुटलेला ऊस थांबत नाही

साखरेचं गणित याच्या उलट आहे. ऊस तोडला की त्यातली साखर घटू लागते. उसातलीच विकरं साखरेचे तुकडे करतात आणि ते तुकडे पुन्हा दाणेदार साखर म्हणून हाती येत नाहीत. कापलेल्या टोकांतून शिरणारे जंतूही साखर खातात आणि रस चिकट करतात. शिवाय ऊन लागून वजन उतरतं. म्हणून तोडल्यापासून साधारण चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा असा प्रयत्न असतो. न तोडता ठेवला तरी फार काळ चालत नाही. पक्व होऊन तुरा आला की ऊस पोकळ होऊ लागतो.

आता कारखान्याची भूक किती ते पाहू. दिवसाला २,५०० टन गाळणारा कारखाना धरा. आजच्या मानाने तो लहानच. दीडशे दिवसांच्या हंगामात त्याला ३,७५,००० टन ऊस लागेल. एकरी ४० टन उतारा धरला तर सुमारे ९,४०० एकर झाले, आणि दररोज त्यातले बासष्ट-त्रेसष्ट एकर तुटलेच पाहिजेत. कमी तुटले तर कारखाना बंद पडतो, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. जास्त तुटले तर वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि रांगेत ऊस वाळतो. एवढं क्षेत्र एक-दोन एकरवाल्या हजारो शेतकऱ्यांकडे विखुरलेलं असतं. ऊस लांबूनही आणता येत नाही, कारण वाहतुकीचा खर्च आणि वेळ दोन्ही साखर खातात.

म्हणजे हा कारखाना या शेतकऱ्यांशी बांधलेला आणि हे शेतकरी या कारखान्याशी. ऑलिव्हर विल्यमसन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉमबरोबर नोबेल मिळालं, कोसच्या विचारात नेमकी हीच भर घातली. काही गुंतवणूक अशी असते की ती एकाच जोडीदाराबरोबर कामाची असते आणि तो गेला तर तिचं मोल धुळीला मिळतं. अशा वेळी व्यवहाराआधी दोघे मोकळे असतात, नंतर मात्र एकमेकांच्या तावडीत सापडतात.

काल्पनिक आकडे घेऊन हे पाहू. ऊस पिकवायला टनाला २,२०० रुपये लागतात आणि लागणीपूर्वी खासगी कारखानदाराने ३,००० देण्याचं तोंडी कबूल केलं. वर्ष-सव्वा वर्षाने ऊस उभा आहे. पिकवण्याचा खर्च होऊन गेला, तो परत येणार नाही. परिसरात दुसरा कारखाना नाही, चाऱ्याला विकला तर १,५०० मिळतील. आता कारखानदार म्हणतो, १,७०० देतो. शेतकऱ्याला टनामागे ५०० रुपयांचा तोटा आहे, तरी तो हो म्हणेल, कारण दुसरा पर्याय त्याहून वाईट आहे. उलटही घडू शकतं. कारखाना कर्ज काढून उभा राहिला, हंगाम सुरू झाला आणि शेतकऱ्यांनी एकजुटीने ऊस रोखला, तर यंत्रं भंगारात विकण्यापेक्षा कारखानदार तोट्याचा भावही मान्य करेल.

इथे फक्त अन्याय होतो असं समजलं तर खरी गोष्ट निसटते. पुढे काय होणार हे दोघांनाही आधीच दिसत असतं. म्हणून शेतकरी ऊस लावतच नाही आणि कारखानदार कारखाना काढतच नाही. व्यवहारखर्चाचं खरं नुकसान हे असं असतं. जे घडायला हवं होतं ते घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठल्याही हिशेबात होत नाही.

मग पक्का करार का करत नाहीत? ऊस वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष शेतात असतो. तेवढ्यात पाऊस, साखरेचा भाव, यंत्राचा बिघाड, यांतलं सगळं आधी लिहिता येत नाही. लिहिलं तरी वाद कोर्टात गेला की निकालाला वर्षं लागतात, आणि ऊस काही दिवसांत वाळतो.

दोन वेगळी उत्तरं

या कोंडीवर नगर जिल्ह्यात आणि आसपास दोन वेगळी उत्तरं शोधली गेली, आणि दोन्ही उत्तरांत बाजार मागे सारून व्यवहार एकाच छताखाली आणला गेला.

पहिलं उत्तर कंपन्यांचं. १९३२ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि साखर कारखाने काढणं फायद्याचं झालं. दख्खनच्या कालव्यांच्या पट्ट्यात हरेगावची बेलापूर कंपनी आधीपासून होती, वालचंदनगर आणि रावळगाव नव्याने उभे राहत होते. ऊस बाजारातून मिळेल या भरवशावर हे कारखाने राहिले नाहीत. त्यांनी हजारो एकर जमीन खंडाने किंवा मालकीने घेतली, स्वतः ऊस लावला, स्वतःचे मजूर ठेवले. ऊस कधी लावायचा आणि कधी तोडायचा हा प्रश्न आता भावाचा उरला नाही, व्यवस्थापकाच्या हुकमाचा झाला. कोस जे म्हणत होता ते हेच. मात्र ज्यांनी जमिनी दिल्या त्या खंडकरी शेतकऱ्यांच्या वाट्याला तुटपुंजा खंड आला. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कंपन्यांच्या या जमिनी काढून घेतल्या आणि १९६३ मध्ये त्या जमिनींसाठी राज्य शेती महामंडळ निघालं. संस्थेची सीमा कायद्यानेही सरकते, ती अशी.

दुसरं उत्तर लोणी गावाचं. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरली. कारखान्याने शेत विकत घेण्याऐवजी इथे शेतांनी कारखाना विकत घेतला. ऊस घालणारा आणि कारखान्याचा मालक एकच असेल तर उसाचा भाव पाडून मालकाला काय मिळणार? कारखान्याला उरेल ते सभासदाला उसाच्या दरातूनच परत येणार. मागच्या उदाहरणातली १,७०० ची धमकी अर्थहीन होते.

सहकारी कारखान्यांच्या यशाबद्दल आपल्याकडे नेतृत्वाच्या आणि त्यागाच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खोटं नाही. पण मला वाटतं, ही संस्था टिकण्याचं एक मोठं कारण उसाच्या स्वभावातच आहे. कापूस आणि कांद्यातही आपल्याकडे सहकाराचे प्रयत्न झाले, तिथेही तळमळीची माणसं होती. पण कांदा काही महिने चाळीत थांबू शकतो आणि व्यापारी अनेक असतात. खरेदीदाराने अडवण्याची भीती जिथे कमी, तिथे मालक होण्याची निकडही कमी.

तोडणी मात्र आत आली नाही

इथे एक गोष्ट खटकायला हवी. एवढं सगळं आत घेणाऱ्या कारखान्याने ऊसतोड कामगारांना नोकर म्हणून का ठेवलं नाही?

उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडून, पर्ची मिळाली की कारखान्यावर नेतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखान्याने आपल्या हाती घेतली, कारण तोडणीचा क्रम सांभाळला तरच ताजा आणि पक्व ऊस मिळतो. पण कामगारांशी कारखान्याचा थेट संबंध नाही. मधे मुकादम आहे. तो हंगामापूर्वी उचल घेतो, बीडसारख्या जिल्ह्यांतल्या आपल्या ओळखीच्या वाड्या-तांड्यांवर ती वाटतो आणि टोळी घेऊन येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन तोडतो, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कारखान्याला साडेबाराशे ते सतराशे कोयते लागतील.

कोसच्या चष्म्यातून पाहिलं तर यात तर्क आहे. काम पाच-सहा महिन्यांचंच. ते रोज साठेक एकरांत विखुरलेलं, म्हणून देखरेख महाग. पण तोडलेला ऊस काट्यावर सहज मोजता येतो, म्हणून टनावर मजुरी देता येते. कोण कष्टाळू, कोण उचल बुडवेल हे मुकादमाला गावातल्या ओळखीने ठाऊक, कारखान्याला ते कळायला फार खर्च येईल. मुकादमाचं कमिशन म्हणजे या माहितीची किंमत.

एवढ्यावर थांबता येत नाही. वाचलेल्या खर्चातला काही भाग खरोखर वाचलेला नसतो, तो दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेला असतो. नोकर म्हटला की त्याचं आजारपण, रजा, बाळंतपण, अपघात ही जबाबदारी मालकाची. मुकादमामार्फत ती कुणाचीच राहत नाही. आजारी पडून एक दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कामगाराच्याच हिशेबातून कापले जातात आणि उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. संस्थेची सीमा कुठे आखली जाते हे कार्यक्षमतेवर ठरतं, हे खरं. पण ती आखताना टेबलाशी कोण बसलं होतं, यावरही ते ठरतं, आणि कोयता धरणारे तिथे नव्हते.

बाजू उलटीही पडते. मुकादम दोन कारखान्यांकडून उचल घेऊन एकालाही टोळी देत नाही, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. आणि हंगाम संपत आला, ऊस वाळू लागला की टोळ्या शेतकऱ्याकडे ‘खुशाली’ मागतात, नाहीतर फड शिल्लक राहतो. ही खुशाली कुठल्याच दरपत्रकात नाही. कुणी कुणाला किती अडवू शकतं, हे मोजायचं असेल तर त्या भागातल्या खुशालीचा आकडा विचारावा.

मग सगळंच एका छताखाली का नाही?

बाजार इतका महाग पडत असेल तर अख्खा जिल्हा एकच कारखाना का होत नाही? कारण हुकूमही फुकट नसतो.

उसाच्या किमतीतच याचा नमुना दिसतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे किमान दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. माझ्या उसात साखर जास्त असली आणि शेजाऱ्याच्या उसात कमी, तरी दोघांना टनाला दर सारखाच. गुळाच्या सौद्यात जे सहज कळत होतं ते इथे पुसलं जातं. मग प्रत्येकाचा कल साखर वाढवण्याऐवजी वजन वाढवण्याकडे जातो. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यागणिक उसातली साखर तपासून दर देतात, पण तिथली शेतं मोठी आहेत. एक एकरवाल्याची ट्रॉली तपासायचा खर्च टनामागे पुष्कळ जास्त बसतो.

आतल्या खर्चाचा दुसरा प्रकार राजकारणाचा. कारखान्यात प्रत्येक सभासदाचा वाटा थोडाच, म्हणून संचालकांवर लक्ष ठेवण्याचं काम कुणी मनावर घेत नाही. नोकरभरती फुगते, खरेदीत गैरव्यवहार होतात, कोणाचा ऊस आधी तुटणार हे निवडणुकीत कोण कोणाबरोबर होतं यावर ठरू लागतं. बाजारात घासाघिशीला जाणारी शक्ती इथे वशिल्याला जाते. गेल्या दोन-तीन दशकांत कर्जात बुडालेले अनेक सहकारी कारखाने विकले गेले किंवा भाड्याने दिले गेले, त्यामागे याचा मोठा हात आहे.

आणि मूळ परिस्थितीही बदलली आहे. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला ठरावीक क्षेत्र राखून दिलं होतं, त्या झोनबंदीत शेतकऱ्याला ऊस बाहेर नेता येत नसे. नव्वदच्या दशकात ती उठली. आता साताऱ्या-सांगलीकडच्या कित्येक गावांत तीन-चार कारखान्यांच्या टोळ्या येतात. दर कोण जास्त देतो, पैसे कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कोण चुकते करतो, तोड कोण लवकर देतो, हे पाहून शेतकरी ऊस देतो, मग तो कारखाना सहकारी असो की खासगी. अडवणूक करणारा एकटा राहिला नाही की मालक होण्याची गरज ओसरते, हे विल्यमसनच्या मांडणीत बसतंच. ज्या भागात अजून एकच कारखाना आहे तिथे मात्र सभासदत्वाचा शेअर आणि वार्षिक सभेतलं मत आजही जपून ठेवलं जातं.